सोनोग्राफीला उपाशी का जायचं आणि लघवी का तुंबवायची

पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली की फोनवर दोन सूचना येतात: "उपाशीपोटी या" आणि "भरपूर पाणी पिऊन, लघवी न करता या." ऐकणारा गोंधळतो, कारण पोट रिकामं ठेवायचं की भरायचं, हेच कळत नाही. या दोन सूचनांमागचं कारण मात्र एकच आहे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी द्रवातून सहज जातात आणि हवेला अडतात. म्हणून हवा वाटेतून दूर करायची आणि द्रव लागेल तिथे साठवायचा, एवढंच या तयारीत करायचं असतं. जठर आणि आतडं रिकामं, पित्ताशय पित्तानं भरलेलं, मूत्राशय लघवीनं भरलेलं, अशी ती स्थिती असते.

इथे उदाहरण म्हणून पोट आणि ओटीपोट मिळून होणारी 'होल अॅब्डोमेन' तपासणी घेऊ. तिला दोन्ही सूचना एकाच वेळी लागतात आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

हवा का नडते

पोटावर फिरवतात तो प्रोब साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झच्या लहरी आत सोडतो आणि परत येणारे प्रतिध्वनी टिपतो. दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवर लहर पोचली की तिचा काही भाग परत फिरतो, बाकीचा पुढे जातो. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यात फरक थोडाच आहे, म्हणून तिथून थोडंसं परत येतं आणि बाकीची लहर खोलवर उतरते. पेशी आणि हवा यांच्या सीमेवर मात्र 99 टक्क्यांहून जास्त लहर तिथूनच उलटते. मागे काय आहे ते कळायला पुढे काही गेलेलंच नसतं. पोटावर जेल चोपडतात तेही याचसाठी. कातडी आणि प्रोब यांच्यामधला केसाएवढा हवेचा थरसुद्धा चित्र पुसून टाकतो. बाहेरची हवा जेल काढतं, आतली हवा तुमच्या तयारीनं कमी होते.

आतड्यातल्या गॅसचं चित्र पडद्यावर ओळखू येतं. वर एक झगझगीत पांढरी रेघ आणि तिच्याखाली मळकट, धुरकट राखाडी सावली. पित्ताच्या खड्याची सावली वेगळी असते, ती काळीकुट्ट आणि कडेनं कापल्यासारखी असते. गॅसची मळकट सावली येते ती लहर हवेच्या बुडबुड्यांमध्ये पुन्हा पुन्हा आपटत राहते म्हणून. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पित्ताशयाच्या बाबतीत तो कामाला येईल.

गॅसच्या आड सगळ्यात जास्त सापडतं ते स्वादुपिंड. ते जठराच्या मागे, मणक्यासमोर आडवं पसरलेलं असतं, आणि खालच्या बाजूला मोठं आतडं असतं. जेवून आलेल्या माणसाच्या जठरात अन्न, त्याचबरोबर गिळलेली हवा असते. मग स्वादुपिंडाचं मधलं अंग कसंबसं दिसतं आणि शेपटीचा भाग बहुतेक वेळा हरवतो. पित्तनलिकेचं खालचं टोकही याच भागात असतं. नलिकेत अडकलेला खडा नजरेतून सुटून जाण्याची ही एक नेहमीची जागा आहे.

पित्ताशयासाठी उपाशी राहणं वेगळं

गॅस हा उपाशी राहण्याचा एक भाग झाला. पित्ताशयाचं कारण त्याहून निराळं आहे आणि तिथे सूट नाही. पित्ताशय म्हणजे पित्ताची साठवणीची पिशवी. साधारण 30 ते 50 मिलिलिटर पित्त त्यात घट्ट होऊन राहतं. तेल, तूप, दूध, अंडं असं स्निग्ध काही लहान आतड्यात पोचलं की तिथून एक संप्रेरक सुटतं, त्याच्या इशाऱ्यानं पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात सोडतं. हे काम जेवणानंतर काही मिनिटांतच सुरू होतं. पिशवी पुन्हा नीट भरायला मात्र काही तास लागतात. मोठ्या माणसांना 6 ते 8 तास उपाशी राहायला सांगतात तो हिशोब इथून येतो.

भरलेलं पित्ताशय पडद्यावर काळ्या पेरूसारखं दिसतं. भिंत पातळ, 3 मिलिमीटरच्या आत. त्या काळ्या पित्तात पांढरा खडा उठून दिसतो. आकसलेलं पित्ताशय मात्र हवा सोडलेल्या फुग्यासारखं असतं. तीच भिंत सुरकुतून जाड वाटते, आतली काळी जागा नाहीशी होते आणि खडा असला तरी तो भिंतीला चिकटलेला, न ओळखता येणारा पांढरा ठिपका होतो.

चहाबद्दल सगळे विचारतात. "नुसता अर्धा कप चहा घेतला, चालेल ना?" दुधातला स्निग्धांश पित्ताशयाला जागं करायला पुरतो. पिशवी पूर्ण नाही तरी अर्धवट आकसते, आणि अर्धवट आकसलेल्या पिशवीवर डॉक्टरला ठाम काही लिहिता येत नाही. कोऱ्या कॉफीनंही पित्ताशय आकसतं, त्यामुळे "दूध नाही घातलं" हे कारण तिथे चालत नाही. साधं पाणी मात्र चालतं.

इथे मराठी घरातला एक खास गोंधळ सांगायलाच हवा. "उपाशी या" याचा अर्थ कित्येक जण "उपवास करून या" असा घेतात. मग सकाळी साबुदाण्याची खिचडी, केळं, दूध, शेंगदाण्याचा लाडू हे सगळं खाऊन मंडळी येतात आणि खरंच सांगतात, "उपासाचंच खाल्लंय." तुपात परतलेली, शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी म्हणजे पित्ताशयाच्या दृष्टीनं भरपेट जेवण. एकादशीच्या दिवशी तपासणी असेल तर हे आधीच घरात सांगून ठेवा.

एक उदाहरण, दोन सकाळी

समजा, पंचेचाळिशीच्या एका बाईंना भजी-वडे खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि ती पाठीत जाते. सोनोग्राफी सकाळी 10 वाजता. त्या 7 वाजता चहा आणि दोन खाऱ्या खाऊन येतात. तपासताना पित्ताशय जेमतेम 1 सेंटिमीटर रुंद दिसतं आणि भिंत 5 मिलिमीटर येते. शेजारीच लहान आतड्याचा पहिला भाग गॅसनं भरलेला आहे आणि पित्ताशयाच्या जागी एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली सावली दिसते.

आता डॉक्टरसमोर तीन शक्यता उभ्या राहतात. एक, नाश्त्यामुळे आकसलेलं निरोगी पित्ताशय आणि शेजारचा गॅस. दोन, सुजलेली, म्हणून जाड झालेली भिंत. तीन, खड्यांनी गच्च भरलेलं पित्ताशय, ज्यात पित्ताला जागाच उरलेली नाही. त्याचंही चित्र भिंत, पांढरी रेघ आणि सावली असंच असतं. सावली मळकट आहे की काळीकुट्ट, यावरून अंदाज बांधता येतो, पण त्यावर ऑपरेशनचा निर्णय सोडता येत नाही. अहवालात येतं, "पित्ताशय आकसलेले आहे, उपाशीपोटी पुन्हा तपासावे."

दुसऱ्या दिवशी त्याच बाई रात्री साडेनऊला जेवून, सकाळी पाण्याशिवाय काही न घेता येतात. पित्ताशय 8 सेंटिमीटर लांब, 3 सेंटिमीटर रुंद आणि भिंत 2 मिलिमीटर. आत 9 मिलिमीटरचा एक खडा आणि त्यामागे स्वच्छ काळी सावली. डॉक्टर "डाव्या कुशीवर वळा" म्हणतात आणि खडा पडद्यावर घरंगळत दुसऱ्या बाजूला जातो. या घरंगळण्याला मोल आहे. भिंतीवर वाढलेला पॉलिप हलत नाही आणि त्याची सावलीही सहसा पडत नाही. आणि खडा न हलता पित्ताशयाच्या मानेशी अडकून बसला असेल, तर दुखण्याचं कारण तिथेच सापडतं. हे सगळं ओळखायला खड्याभोवती पित्त असावं लागतं. आकसलेल्या पिशवीत खड्याला घरंगळायला जागा कुठून मिळणार?

पहिल्या दिवशीची 5 मिलिमीटरची भिंत दुसऱ्या दिवशी 2 झाली, म्हणजे ती सूज नव्हती हेही कळलं. मात्र ताप आहे, पोट सारखं दुखतंय, कावीळ वाटतेय, उलट्या थांबत नाहीत असं असेल तर उपाशी राहण्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. अशा वेळी कधीही, जेवून झालं असलं तरी तपासतात, कारण अपुरं चित्रही वाट पाहण्यापेक्षा उपयोगाचं ठरतं. अपघातातला मार असेल तर पोटात रक्त साठलंय का हे पाहायला तयारी लागतच नाही.

लघवी भरलेली का हवी

ओटीपोटात हाच खेळ उलट बाजूनं चालतो. मूत्राशय रिकामं असलं की ते ओटीपोटाच्या खालच्या हाडामागे लपतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत आतड्याची वेटोळी उतरतात. आतड्यात गॅस असतोच. मग गर्भपिशवी आणि अंडाशय गॅसच्या पडद्यामागे जातात.

मूत्राशय भरलं की ते हाडाच्या वर येतं, आतड्यांना वर ढकलतं आणि स्वतःच एक खिडकी बनतं. लघवी ध्वनिलहरी जवळजवळ शोषत नाही, म्हणून पलीकडे पोचणारी लहर जोमदार असते आणि मागचा भाग एरवीपेक्षा उजळ दिसतो. इतका उजळ, की डॉक्टरला यंत्राचा 'गेन', म्हणजे प्रतिध्वनी वाढवून दाखवण्याचं प्रमाण, कमी करावा लागतो. दुसरा फायदा कोनाचा आहे. बहुतेक बायकांची गर्भपिशवी पुढे झुकलेली असते. मूत्राशय भरल्यावर ती मागे सरकून प्रोबच्या लहरींना काटकोनात येते, आणि काटकोनात आपटलेली लहर सरळ प्रोबकडे परत येते. गर्भपिशवीचं अस्तर, त्याची जाडी, आतलं काही वेगळं असेल तर ते यातून स्पष्ट होतं.

पुरुषांत प्रोस्टेटचा आकार मोजायलाही हीच खिडकी लागते. मूत्राशयाची भिंत बघायची तर ती ताणलेली हवी. भरलेल्या मूत्राशयाची भिंत 3 मिलिमीटरपर्यंत असते, रिकाम्याची 5 मिलिमीटरपर्यंत चालते. अर्धवट भरलेल्या पिशवीच्या सुरकुत्यांना गाठ समजण्याची आणि खरी गाठ सुरकुत्यांत हरवण्याची, दोन्ही भीती असते. मूत्रनलिकेच्या शेवटी, मूत्राशयात शिरतानाच अडकलेला मुतखडाही भरलेल्या पिशवीमागेच नीट दिसतो. तो कुशीवर वळल्यावर हलत नाही, आणि मूत्राशयात पडलेला खडा हलतो, म्हणून तिथेही डॉक्टर कूस बदलायला सांगतात.

किती भरलेलं म्हणजे पुरेसं? मूत्राशयाची वरची कड गर्भपिशवीच्या टोकाच्या एक-दोन सेंटिमीटर वर पोचली की झालं. बहुतेकांत ते साधारण 200 ते 400 मिलिलिटरला होतं. तुमच्या बाजूनं मोजमाप असं: "लघवीला जावंसं वाटतंय, पण बसून गप्पा मारता येतायत" ही योग्य अवस्था. "आता सुटेल" ही ओलांडलेली हद्द.

जास्त भरलं तरी चूक

लोक कमी पाणी पिऊन येतात त्यापेक्षा, घाबरून दीड-दोन लिटर पिऊन येणाऱ्यांमुळे होणारे घोटाळे फसवे असतात, कारण चित्र स्वच्छ दिसतं आणि माप चुकतं.

फार ताणलेलं मूत्राशय गर्भपिशवीला चेपून मागे ढकलतं आणि अंडाशय प्रोबपासून लांब जातात. लवकरच्या गरोदरपणात गर्भाची पिशवी चेपून वेडीवाकडी दिसते. पुढच्या महिन्यांत मूत्राशय गर्भाशयाच्या खालच्या भागाला दाबतं, त्यामुळे पुढची आणि मागची भिंत जवळ येऊन गर्भाशयमुख असतं त्यापेक्षा लांब वाटतं आणि वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली सरकल्यासारखी दिसते. "वार खाली आहे" असं ऐकून घरात रडारड होण्याआधी ती सोनोग्राफी लघवी भरलेली असताना झाली का, हे विचारावं. लघवी करून पुन्हा पाहिलं की वार जागेवर असल्याचं कित्येकदा दिसतं.

मूत्रपिंडातही असंच होतं. मूत्राशय तुडुंब भरलं की लघवी वरून खाली उतरायला अडते आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या आतली पोकळी थोडी फुगते. अहवालात "सौम्य हायड्रोनेफ्रोसिस" असं भारी नाव पडतं. लघवी करून पंधरा-वीस मिनिटांनी पाहिलं आणि ती फुगवटी ओसरली, तर अडथळा नव्हता. एकाच बाजूची फुगवटी राहिली तर मात्र खडा किंवा दुसरं कारण शोधावं लागतं.

प्रोस्टेटच्या पेशंटला लघवी करून झाल्यावर किती उरली हे मोजतात. मूत्राशयाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार 0.52 नं गुणला की मिलिलिटर मिळतात. समजा लघवीनंतर माप 7.2, 6.5 आणि 6 आलं, तर 7.2 × 6.5 × 6 × 0.52 म्हणजे सुमारे 146 मिलिलिटर. आकडा काळजी करायला लावणारा आहे, कारण 50 मिलिलिटरच्या आत असेल तर तो सहसा ठीक मानतात. पण हेच आजोबा दीड तास रांगेत थांबले असतील आणि आधी पिशवीत 700 मिलिलिटर साठली असेल, तर ताणलेला स्नायू एका दमात पिळला जात नाही. दहा मिनिटांनी पुन्हा लघवी करून मोजलं आणि 35 आलं, तर पहिला आकडा आजाराचा नव्हता, थांबून राहण्याचा होता. अशा वेळी "दोनदा लघवी करून मोजलं का?" हे निःसंकोच विचारा.

सकाळी 9:30 च्या तपासणीचं वेळापत्रक

आदल्या रात्री 9 च्या सुमारास साधं जेवण घ्या. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दोन पोळ्या आणि दुधी किंवा दोडक्याची भाजी असं काही. उसळी, छोले, वाटाणा, कोबी, फ्लॉवर आणि सोड्याची बाटली हे त्या रात्रीपुरतं टाळा. यानं गॅस संपत नाही, पण वाढत नाही. गॅसच्या गोळ्या आणि जुलाबाचं औषध स्वतःहून घेऊ नका. त्यांनी उपाशी राहण्याची जागा भरून निघत नाही आणि जुलाबानं पोट ढवळून निघतं ते वेगळंच.

रात्री साडेनऊनंतर फक्त साधं पाणी. सकाळी चहा, कॉफी, दूध, ज्यूस नाही. सिगारेट, तंबाखू, मिश्री, च्युइंग गम हेही नाही, कारण ओढताना आणि चघळताना प्रत्येक घोटाबरोबर हवा गिळली जाते आणि ती सरळ जठरात, म्हणजे स्वादुपिंडाच्या पुढ्यात जाऊन बसते. दात घासायला हरकत नाही.

सकाळी उठल्यावर शौच आणि लघवी नेहमीप्रमाणे उरकून घ्या. साडेआठच्या आत, म्हणजे तपासणीच्या साधारण एक तास आधी, चार ग्लास पाणी संपेल असं बघा. ग्लास 200 मिलिलिटरचा धरला तर 800 मिलिलिटर झालं. घटाघटा पिऊ नका, पंधरा-वीस मिनिटांत सावकाश प्या, कारण घाईत पाण्याबरोबर हवाही जाते. त्यानंतर लघवी करायची नाही. रात्रभर पाणी न प्यायलेल्या शरीरात पहिले एक-दोन ग्लास तर शरीरच ठेवून घेतं, म्हणून केंद्रात पोचून दाराशी बाटली रिकामी केली तरी अर्ध्या तासात पिशवी भरत नाही. पावसाळ्यात-थंडीत हे लवकर होतं. मे महिन्यात, घामाघूम होऊन बसनं आलेल्या माणसाला एक-दोन ग्लास जास्त लागतील.

"उपाशीपोटी" आणि "पाणी पिऊन" यांत विरोध नाही, हे इथे दिसतं. पाण्यात स्निग्ध काही नाही, म्हणून पित्ताशय भरलेलंच राहतं. उलट जठरात स्थिरावलेलं पाणी स्वादुपिंडासमोरची एक खिडकी बनू शकतं. गॅसमुळे स्वादुपिंड दिसत नसेल तर कधी डॉक्टरच एक-दोन ग्लास पाणी पाजून, उठवून बसवून पुन्हा बघतात. एखाद्या केंद्रानं फक्त वरच्या पोटासाठी "पाणीही नको" असं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, पण होल अॅब्डोमेनला तसं असेल तर एकदा विचारून घ्या.

केंद्रात उशीर झाला आणि लघवी आवरेना, तर काउंटरवर सांगा. "थोडीशी करून या" हे बोलायला सोपं आहे, पण मध्येच थांबवणं फार थोड्यांना जमतं. पूर्ण झालीच तर दोन-तीन ग्लास पुन्हा प्या. आधीच्या पाण्याचं काम अजून चालू असतं, म्हणून दुसऱ्यांदा पिशवी पहिल्यापेक्षा लवकर भरते. तपासणीत बहुधा आधी ओटीपोट पाहून, लघवी करून यायला सांगून, मग वरचं पोट पाहतात, म्हणजे तुम्हाला जास्त वेळ ताटकळावं लागत नाही.

वेळ दुपारची मिळाली असेल तर सकाळी सात-साडेसातला तूप-दूध न घातलेलं हलकं काही, जसं मऊ भात किंवा लोणी न लावलेला ब्रेड, आणि मग 2 वाजेपर्यंत फक्त पाणी. तरी शक्य असेल तर सकाळचीच वेळ मागा. दिवसभरात बोलताना, गिळताना पोटात हवा साठत जाते.

ज्यांचा हिशोब वेगळा

मधुमेहाच्या पेशंटनी पहिला नंबर मागावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर खाली जाऊ शकते, म्हणून त्या सकाळच्या डोसबद्दल आपल्या डॉक्टरला आदल्या दिवशीच विचारा. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तपासणी बाजूला ठेवा आणि लगेच साखर किंवा ग्लुकोज घालून पाणी प्या. चित्र थोडं बिघडलं तरी चालेल. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घेता येतात.

त्याच सकाळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही तपासायची असेल तर क्रम असा ठेवा: आधी रक्त, मग सोनोग्राफी, मग जेवण, आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी दुसरं रक्त. उलट क्रम केला की सोनोग्राफी बिघडते. दुर्बिणीची एंडोस्कोपी त्याच दिवशी असेल तर सोनोग्राफी तिच्या आधी करा, कारण त्या तपासणीत पोटात हवा भरतात. बेरियम देऊन काढायचा एक्स-रेही सोनोग्राफीनंतरच ठेवा.

मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असल्यानं पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी चार ग्लासांचा नियम पाळायचा नाही. केंद्रात सांगा, ते थोड्या पाण्यात जास्त वेळ थांबवून भागवतात. लघवीची नळी लावलेली असेल तर पाणी पिऊन पिशवी भरणार नाही, नळी काही वेळ बंद करावी लागते, आणि ते काम नर्सचं आहे, नातेवाइकांनी करू नये. प्रोस्टेट मोठं असलेल्या आजोबांना दोन-तीन ग्लास पुरतात, आणि लघवी मुळीच होईनाशी झाली तर थांबू नये.

तान्ह्या बाळाला 3-4 तास, म्हणजे एक वेळचं दूध टाळून, पुढच्या दुधाच्या वेळेआधी आणतात. लघवी तुंबवण्याचा प्रश्नच नाही. बाळाच्या पोटावर प्रोब ठेवताच ते लघवी करतं, म्हणून डॉक्टर आधी मूत्राशयाचंच चित्र टिपून घेतात.

गरोदरपणाच्या सोनोग्राफीला उपाशी राहू नका. पहिल्या तीन महिन्यांत पोटावरून बघायचं असेल तर लघवी भरलेली मागतात, त्यानंतर गर्भजलच खिडकीचं काम करतं. योनीमार्गातून करायच्या तपासणीला मात्र मूत्राशय रिकामं लागतं. तिथे प्रोब गर्भपिशवीला खेटूनच असतो, आणि भरलेलं मूत्राशय तिला उलट लांब ढकलतं. कोणत्या पद्धतीनं होणार हे आधी विचारून घ्या, नाहीतर तासभर तुंबवून ठेवलेली लघवी टेबलावर चढण्याआधी करून यायला सांगतात.

पित्ताशय काढून टाकलेल्यांनी उपाशी का यायचं? पित्तनलिका आणि स्वादुपिंड अजून आहेत आणि गॅसचा प्रश्न तसाच आहे. यकृताच्या कडकपणाची तपासणी, म्हणजे इलॅस्टोग्राफी, असेल तर कारण आणखी वेगळं. जेवणानंतर यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि यकृत असतं त्यापेक्षा कडक मोजलं जातं, म्हणून तिथे निदान 3 तास काही खायचं नाही. यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेच्या डॉपलरला, म्हणजे रक्तप्रवाहाच्या तपासणीलाही, उपाशीच यायचं.

तयारी करूनही दिसलं नाही तर

सगळं पाळूनही एखाद्याचं स्वादुपिंड दिसत नाही. पोटाची चरबी जाड असली की लहर आत जाता-येता क्षीण होते. काहींच्या आडव्या आतड्यात उपाशीपोटीही हवा असते. अशा वेळी डॉक्टर प्रोबनं हळूहळू दाब देऊन गॅस बाजूला सारतात, श्वास रोखून पोट फुगवायला सांगतात म्हणजे यकृत खाली सरकून त्याच्याआडून बघता येतं, कूस बदलतात, बसवतात. "श्वास घ्या, धरा" असं म्हटल्यावर पोट फुगवून दहा-बारा सेकंद खरोखर धरून ठेवणं, एवढं तुमच्या हातात असतं.

अहवाल हातात आला की "नॉर्मल" शब्द शोधण्याआधी दोन-तीन वाक्यं बघा. "स्वादुपिंडाची शेपटी गॅसमुळे दिसली नाही" याचा अर्थ ती चांगली आहे असा नाही, ती पाहिलीच गेली नाही असा आहे. "पित्ताशय आकसलेले" लिहिलं असेल आणि त्याच ओळीत "खडे नाहीत" असंही असेल, तर दुसऱ्या वाक्यावर भरवसा ठेवू नका आणि उपाशीपोटी पुन्हा तपासणी मागा. "मूत्राशय अपुरे भरलेले" असं असेल तर गर्भपिशवी आणि अंडाशयांबद्दलची पुढची ओळ त्याच मर्यादेत वाचायची. पोटदुखी कायम असेल आणि दुसऱ्यांदा नीट तयारी करूनही स्वादुपिंड झाकलेलंच राहिलं, तर तिसऱ्यांदा सोनोग्राफी करून काही हाती लागत नाही, तिथे डॉक्टर सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगतात. त्यांच्या लहरींना गॅस अडवत नाही.